मुडदे, खते आणि एकर : तीन उठावांचा हिशेब

चारशे. पाचशे एक. एक लाख साठ हजार.

पहिला आकडा १८१९ सालचा आहे. नांदेड जिल्ह्यातल्या हदगावजवळच्या नोव्हा किल्ल्यात एका दिवशी चारशेहून अधिक माणसे मेली. दुसरा १८७५चा. सुप्यापासून सुरू झालेल्या दंगलीत पुणे आणि नगर जिल्ह्यांत सावकारांच्या घरांवर चालून गेलेल्या शेतकऱ्यांपैकी ५०१ जणांना शिक्षा झाली. तिसरा १९४९चा. तेव्हाच्या आदिलाबाद जिल्ह्यात, ज्यात आजचा नांदेडचा किनवट तालुकाही होता, गोंड आणि कोलामांसारख्या आदिवासींच्या नावे १ लाख ६० हजार एकर जमीन लागली. १९४०च्या कोमरम भीमच्या जोडेघाटातल्या उठावानंतर हे घडले.

एका आकड्यात मेलेली माणसे आहेत, दुसऱ्यात शिक्षा झालेली आणि तिसऱ्यात जमीन. हे तीन आकडे एका मापाने मोजता येत नाहीत. प्रत्येक वेळी सरकारने जे मोजले त्यावरूनच तो झगडा कशासाठी होता ते कळते. नोव्ह्यात प्रश्न मुलुखावर हुकूम कुणाचा हा होता, म्हणून मुडदे मोजले गेले. सुप्यात प्रश्न कर्जाच्या कागदाचा होता, म्हणून आरोपी आणि खटले मोजले गेले. जोडेघाटात प्रश्न जमीन कुणाच्या नावावर हा होता, म्हणून शेवटी एकर मोजावे लागले. सारा, सावकार आणि जमीनदार हे तिन्ही शत्रू आपण एका दमात उच्चारतो, पण नांदेड-लातूरच्या आसपास ते वेगवेगळ्या काळी, वेगवेगळ्या रूपांत माणसाच्या दारात आले.

नोव्ह्यापासून सुरुवात करू. पैनगंगेच्या दोन्ही बाजूंच्या डोंगराळ पट्ट्यात हटकर नाईकांच्या गढ्या होत्या. नोवसाजी नाईक त्यांच्यातला सर्वांत जबर. निजामाच्या अंमलदारांना तो वर्षानुवर्षे जुमानत नव्हता. जानेवारी १८१९मध्ये मेजर पिटमनच्या हाताखालची फौज नोव्ह्याला भिडली. किल्ल्यात सुमारे पाचशे शिबंदी होती, बहुतेक अरब. ३१ जानेवारीला किल्ला पडला तेव्हा त्यांतले चारशेहून अधिक ठार झाले होते. म्हणजे दर पाच माणसांमागे चार. जिथे शरणागती घेतली जाते तिथे असे प्रमाण पडत नाही.

याला शेतकऱ्यांचा उठाव म्हणावे का? मला सरसकट तसे म्हणवत नाही. नाईक स्वतः वसुली करणारा होता आणि त्याच्या गढीतले बहुतेक सैनिक पगारी होते. पण ज्या हलाखीमुळे डोंगरातली माणसे अशा नाईकाच्या आसऱ्याला राहत होती, ती हलाखी साऱ्याची होती आणि तिचा हिशेब लावता येतो.

त्या काळी हैदराबादचा कारभार चंदुलालच्या हाती होता आणि महसुलाची पद्धत इजाऱ्याची होती. तालुका ज्याने घेतला त्याने सरकारात रक्कम आगाऊ भरायची आणि मग रयतेकडून वसूल करायची. ही आगाऊ रक्कम तालुकदार स्वतःच्या खिशातून आणत नसे, ती सावकाराकडून उचलत असे. पुढच्या वर्षी कुणी जास्त बोली लावली तर तालुका हातचा जायचा, म्हणून मुद्दल, व्याज आणि नफा एकदोन हंगामांतच काढायचा. बियाणे, बैल, विहीर यांचा विचार करायला त्याला कारणच नव्हते. शेतकऱ्याच्या खळ्यावर येणारा माणूस सरकारचा असला तरी त्याच्या पाठीशी सावकाराचे व्याज उभे असे.

आणि ज्या फौजेने नोव्हा घेतला ती फौजसुद्धा कर्जावर उभी होती. इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या या निजामी पलटणींचा, ज्यांना पुढे हैदराबाद कंटिंजंट म्हणू लागले, खर्च वर्षाला सुमारे ४० लाख रुपये होता. तो भागवण्यासाठी दरबाराने हैदराबादच्या विल्यम पामर आणि कंपनीकडून कर्ज उचलले. दर साल २४ टक्के आणि त्याहून वर, म्हणजे महिना दोन रुपये शेकडा. खेड्यातला कुणबी आपल्या सावकाराला जो दर देत होता, त्याच दराने त्याचे राज्यही कर्ज काढत होते. १८२३मध्ये ही गाठ सोडवण्यासाठी कंपनी सरकारने एक व्यवहार केला. उत्तर सरकार प्रांतापोटी इंग्रज निजामाला वर्षाला सात लाख रुपये देत असत. ते देणे कायमचे बंद करून त्याबदल्यात एकरकमी १ कोटी १६ लाखांहून अधिक रुपये दिले आणि त्यातून पामरचे देणे फिटले. सात लाखांची कायमची मिळकत गेली, फौजेचा खर्च मात्र चालूच राहिला. तो पुन्हा थकला. १८५३च्या तहात वऱ्हाड, रायचूर दुआब आणि आजच्या लातूरच्या शेजारचा नळदुर्गचा मुलूख इंग्रजांकडे द्यावा लागला. १८६०मध्ये नळदुर्ग आणि रायचूर परत मिळाले, ५० लाखांची बाकीही सोडली गेली, वऱ्हाड मात्र राहिले ते राहिलेच.

त्यामुळे १८१९ सालच्या मराठवाड्यात सारा आणि सावकार हे दोन वेगळे शत्रू नव्हते. सावकार गावात बसून खत लिहून घेत होता तसाच दरबारात बसून तालुके विकतही होता. अशा व्यवस्थेविरुद्ध उठणाऱ्याला जाळायला कागद नव्हता. समोर होती ती हत्यारबंद शिबंदी आणि त्यामुळे उठावही गढी धरून बसण्याचाच झाला. उदगीरच्या देशमुखांनी १८२०च्या सुमारास हत्यार उचलले, तेही याच मुशीतले. शिवलिंगय्या, तिरुमलराव आणि मेघश्याम ही त्यातली नावे. अशा उठावांनंतर कुठला कायदा झाला नाही, कुठली चौकशी बसली नाही. इजाऱ्याची पद्धत मोडायला सालारजंगाची कारकीर्द यावी लागली आणि ती सुरू झाली १८५३मध्ये, नोव्ह्यानंतर चौतीस वर्षांनी.

आता १८७५. नगर जिल्ह्याची हद्द ओलांडली की निजामाचा बीड लागत असे, पण हद्दीच्या अलीकडचा सावकार वेगळ्या जातीचा प्राणी होता. त्याच्या हातात तलवार नव्हती, दिवाणी कोर्ट होते.

१८५९च्या मुदतीच्या कायद्याने साध्या कर्जाच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत घातली. हेतू चांगला होता. सावकाराने जुनी खते पेटीत साठवून पिढ्यान्‌पिढ्या वसुली करू नये. पण घडले उलटेच. मुदत संपायच्या आत सावकार कुळाला बोलावून नवे खत लिहून घेऊ लागला आणि त्या खतात तोवरचे व्याज मुद्दल म्हणून चढू लागले.

शंभर रुपयांचे कर्ज घ्या, दर महिना दोन टक्के. जुन्या दामदुपटीच्या रिवाजाप्रमाणे व्याज मुद्दलापेक्षा जास्त वाढू शकत नाही, म्हणजे नऊ वर्षे काहीही फेडले नाही तरी सावकार दोनशेवर एक पैसाही मागू शकत नाही. दामदुपटीचा रिवाज बाजूला ठेवून नुसते सरळ व्याज धरले तर नऊ वर्षांत २१६ रुपये व्याज होते आणि देणे ३१६ रुपये. आता दर तीन वर्षांनी खत बदलून पाहा. पहिल्या तीन वर्षांत ७२ रुपये व्याज, नवे खत १७२चे. पुढच्या तीन वर्षांत त्यावर १२४ रुपये, तिसरे खत २९६चे. नवव्या वर्षाअखेर देणे ५०९ रुपये. दर तोच, कर्जही तेच, मधे शेतकऱ्याच्या हातात एक नवा रुपया पडलेला नाही. दामदुपट कोर्टात अजूनही मान्य होती, पण कोर्टापुढे येई ते शेवटचे खत. त्यात २९६ रुपये हेच मुद्दल लिहिलेले, म्हणून दामदुपटीची मर्यादा दोनशेवरून ५९२वर सरकलेली. खाली कुळाचा अंगठा असे. मग हुकूमनामा निघे आणि जप्ती येई.

दंगलीनंतर नेमलेल्या सरकारी चौकशी मंडळाने नगर जिल्ह्यातली बारा गावे तपासली. तिथले सुमारे एक तृतीयांश खातेदार कर्जात बुडालेले होते. त्यांचे सरासरी कर्ज त्यांच्या वार्षिक साऱ्याच्या अठरा पट होते आणि त्यातल्या सुमारे दोन तृतीयांश कर्जाला जमीन गहाण होती. अठरा पट हा आकडा थोडा थांबून वाचावा. याचा अर्थ असा की सरकारने एका वर्षाचा पूर्ण सारा माफ केला तरी त्या शेतकऱ्याच्या डोक्यावरच्या कर्जाचा जेमतेम अठरावा भाग हलका होणार. महिना दोन टक्क्यांनी त्या कर्जावरचे एका वर्षाचे व्याजच साऱ्याच्या चौपटीहून अधिक भरते. तिथे सारा दुय्यम झाला होता.

दुय्यम म्हणजे निर्दोष नव्हे. पहिल्या तीस वर्षांच्या जमाबंदीची मुदत संपल्यावर १८६७पासून फेरपाहणी झाली ती अमेरिकेतल्या यादवीने चढलेल्या कापसाच्या भावावर. भाव उतरले, सारा वाढलेला राहिला. तो इतका वाढला की १८७४मध्ये मुंबई सरकारलाच वाढीवर मर्यादा घालावी लागली. एका तालुक्यावर ३३ टक्के, एका गावावर ६६ टक्के आणि एका खातेदारावर १०० टक्के, याच्या वर वाढ नाही. सवलत म्हणून घातलेल्या मर्यादेतही एखाद्याचा सारा दुप्पट होऊ शकत होता, यावरून आधी काय चालले होते ते उमगते. ही वाढ भरायला शेतकरी सावकाराकडेच जाणार आणि नेमक्या त्याच काळात, भाव कोसळल्यामुळे, सावकाराने हात आखडता घेतला.

डिसेंबर १८७४मध्ये शिरूर तालुक्यातल्या करडे गावी काळूराम नावाच्या मारवाडी सावकाराने बाबासाहेब देशमुख या कर्जदाराविरुद्ध दीडशे रुपयांचा हुकूमनामा मिळवून त्याचे घर पाडायला घेतले. गावाने सावकारावर बहिष्कार टाकला. पाणी नाही, न्हावी नाही, नोकर नाही. १२ मे १८७५ला सुप्याच्या बाजाराच्या दिवशी बहिष्काराचे रूपांतर चाल करून जाण्यात झाले. पुणे जिल्ह्यातली ११ आणि नगरमधली २२ अशी ३३ गावे उठली. पुण्यात ५५९ जणांना अटक, ३०१ जणांना शिक्षा. नगरमध्ये ३९२ अटकेत, २०० जणांना शिक्षा. एकूण ९५१ आणि ५०१. अटक झालेल्यांपैकी जवळपास निम्मे सुटले. एवढ्या गावांत एवढी गर्दी सावकाराच्या दारात उभी राहिली, पण माणसांच्या अंगावर हात क्वचितच पडला. लोकांना खते हवी होती. सावकाराने ती काढून दिली की जमाव ती जाळून पुढे जाई. जिथे दिली नाहीत तिथे घरे-गंजी पेटल्या.

हे सगळे घडण्याआधी दोन वर्षे पश्चिमेच्या डोंगरात होन्या केंगले याच्या टोळीने मारवाड्यांचे नाक कापण्याचा सपाटा लावला होता. तो महादेव कोळी. शत्रू तोच, पण मैदानातला कुणबी कागद जाळत होता आणि डोंगरातला कोळी माणसाला गाठत होता. डोंगरातल्या माणसाला कोर्टाचे तोंड फारसे दिसलेच नव्हते, म्हणून त्याचा राग कागदापर्यंत गेला नसावा, असे मला वाटते.

आणि नांदेड-लातूर? इथे १८७५मध्ये काही घडले नाही. जमीन तीच काळी, कुणबी तोच, सावकारांचे नात्यागोत्याचे धागेही हद्दीपलीकडे गेलेले. फरक मला दोन गोष्टींत दिसतो. एक, नगदी पिकाची बाजारपेठ. पुण्याला आगगाडी १८५८मध्ये आली होती, म्हणून तिथला कुणबी कापसाच्या तेजीत आणि मग मंदीत सापडला. नांदेडला गोदावरी खोऱ्याची रेल्वे १९००च्या सुमारास पोचली, लातूरला बार्शी लाइट रेल्वे १९११मध्ये. त्यानंतर इथल्या कापसाला आणि तेलबियांना दूरचा भाव मिळू लागला, पेठा वाढल्या आणि त्यांबरोबर उचलीची खातीही वाढली. दुसरी गोष्ट वसुलीची. निजामाच्या राज्यात एकोणिसाव्या शतकात देणे वसूल करायला कोर्टाच्या बेलिफापेक्षा अरब किंवा रोहिला जमादार जास्त कामाचा होता. त्याच्यापुढे खत जाळून काहीच साधत नव्हते.

याची किंमत पुढे मोजावी लागली. दंगलीनंतर चारच वर्षांत, १८७९मध्ये, पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांना दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा मिळाला. त्याने न्यायाधीशाला शेवटच्या खतावर न थांबता पहिल्या रुपयापर्यंत मागे जाण्याचा अधिकार दिला. वरच्या उदाहरणात न्यायाधीशाने ५०९च्या देण्यामागचे शंभर शोधून काढायचे. हैदराबाद संस्थानात कर्जतडजोड आणि सावकारी नियंत्रणाचे कायदे आले ते १९३०च्या दशकाच्या अखेरीस. सोलापूरच्या शेतकऱ्याला जे संरक्षण मिळाले ते शेजारच्या लातूरकराला मिळायला साठ वर्षे लागली.

तिसरा उठाव किनवटच्या बाजूचा. जोडेघाट आज तेलंगणात आहे, पण १९४०मध्ये तो आणि किनवट एकाच आदिलाबाद जिल्ह्यात होते आणि पैनगंगेकाठच्या गोंड, कोलाम यांची अडचण दोन्हीकडे सारखी होती. ती कर्जापासून सुरू होत नव्हती. गोंड एक शेत काही वर्षे कसून पड टाकायचा आणि दुसरे काढायचा. जमाबंदीच्या कागदात पड शेत हे कुणाचेच नसलेले शेत ठरले. मैदानातून आलेला, कचेरीची रीत ठाऊक असलेला माणूस त्यावर पट्टा मागायचा आणि त्याला तो मिळायचा. दुसऱ्या बाजूने राखीव जंगलाची हद्द गावाच्या कुडाला येऊन भिडली. नवे शेत काढले की जंगलखात्याचा गुन्हा, जुन्यावर परक्याचा पट्टा. सावकार या वाटेने शेवटी यायचा, उरलेले न्यायला.

कोमरम भीमने बाबेझरी, जोडेघाट आणि भोवतालची अशी बारा गावे गोंडांना मागितली. मागणी एवढी मोजकी होती. बोलणी फिसकटली, पोलीस आले, गोळीबारात भीम आणि त्याचे साथीदार पडले. मग मात्र निजाम सरकारने नोव्ह्यानंतर न केलेली गोष्ट केली. असे का झाले हे पाहायला क्रिस्टोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ या ऑस्ट्रियन मानवशास्त्रज्ञाला पाठवले. त्याने कारण जमिनीच्या कागदात दाखवले आणि उपायही तिथेच सुचवला. विशेष लावणीच्या नियमांखाली पहिल्या फेरीत ३,१४४ आदिवासींना ४५,४१७ एकर मिळाले, १९४९पर्यंत ११,१९८ जणांना १ लाख ६० हजार. दोन्ही वेळा सरासरी साधारण चौदा एकर पडते. पुढच्या वाटपातही दर खातेदारामागचे माप राखले गेले, याचा अर्थ आकडा फुगवायला तुकडे वाटले नाहीत. कोरडवाहू, दगडगोट्यांच्या त्या जमिनीत एका बैलजोडीचे कुटुंब कसेबसे उभे राहील एवढी ती होती.

याच वर्षांत पूर्वेला तेलंगणात याहून फार मोठी लढाई पेटली होती. तिथल्या कम्युनिस्ट नेतृत्वाने स्वतः दिलेला आकडा दहा लाख एकर वाटल्याचा आणि चार हजार माणसे गमावल्याचा आहे. तो लढणाऱ्यांचा आकडा आहे हे ध्यानात ठेवूनही देगलूर-बिलोलीच्या शिवेपलीकडचा फरक दिसतो. तिकडे हजारो एकरांचे देशमुख होते, इकडे मुख्यतः रयतवारी आणि मधेमधे जहागिरीची गावे. संस्थानभर पाहिले तर सुमारे ६० टक्के जमीन दिवाणी, ३० टक्के जहागिरी आणि १० टक्के निजामाची खासगी, सर्फ-ए-खास. मराठवाड्याच्या लढ्यात स्टेट काँग्रेसने १९४७-४८मध्ये लेव्ही, करोडगिरीची नाकी आणि जंगल यांना हात घातला, जमिनीच्या वाटपाला नाही. त्यामुळे नांदेड-लातूरच्या वाट्याला एकरांचा असा मोठा आकडा आला तो किनवटमधूनच, आदिवासींच्या उठावातून.

१ नोव्हेंबर १९५६ला भाषावार प्रांतरचनेत किनवट आदिलाबादमधून निघून नांदेडला जोडला गेला. आदिवासींच्या हातून गेलेल्या जमिनी परत देण्याचा महाराष्ट्राचा कायदा १९७४चा आहे आणि तो १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात झालेल्या हस्तांतरणांना लागतो. किनवटमधल्या एखाद्या गोंडाने १९४५मध्ये पट्टा मिळवून तो १९५६च्या डिसेंबरात गमावला असेल, तर त्याच्या वारसाला या कायद्याखाली अर्ज करता येत नाही. तलाठ्याकडचा फेरफार पाहताना सर्वांत आधी तारीख पाहावी लागते ती यासाठी.